वन-टू-वन बैठकीची नोंद: शेरा नको, घटना लिहा

पहिल्यांदा सात जणांच्या टीमची जबाबदारी आली, तेव्हा दर पंधरवड्याच्या वन-टू-वन बैठकीनंतर मी वहीत सुचेल ते लिहीत असे. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी ती पाने एकत्र वाचली. एका सहकाऱ्याच्या पानावर "समजूतदार, उत्तम काम" असे होते, तर दुसरीच्या पानावर "निष्काळजी, अहवालाला उशीर". हा उशीर किती वेळा आणि कशामुळे झाला, याचा मात्र कुठेच उल्लेख नव्हता.

त्यानंतर मी सर्वांसाठी एकच तक्ता ठरवला. त्यात तारीख, प्रत्यक्ष घडलेली घटना व तिचा परिणाम, सहकाऱ्याचे म्हणणे, मार्गदर्शनाचा मुद्दा, ठरलेली कृती आणि मागील कृतीची स्थिती असे रकाने आहेत. कृतीच्या रकान्यात ती कोणी करायची, कधीपर्यंत करायची आणि ती पूर्ण झाली हे कशावरून ठरवायचे, या तिन्ही गोष्टी लिहिल्याशिवाय मी बैठक संपवत नाही.

त्याच सहकारी बाईंची 20 तारखेची नोंद या तक्त्यात अशी झाली. घटना: 3 आणि 17 तारखेचे शुक्रवारचे अहवाल संध्याकाळी सहाऐवजी सोमवारी सकाळी गेले. त्यांचे म्हणणे: "शाखांचे आकडेच साडेपाचनंतर येतात, मग पडताळणी कधी करू?" मार्गदर्शनाचा मुद्दा: अडचण वेळेतच कळवणे. कृती: आकडे दुपारी तीनपर्यंत मिळावेत म्हणून मी 22 तारखेपर्यंत शाखांशी बोलायचे, चारपर्यंत आकडे न आल्यास बाईंनी मला कळवायचे. पुढच्या बैठकीत त्यांची कृती पूर्ण होती आणि माझी अपूर्ण. माझ्या नावापुढे "अपूर्ण" लिहिताना मला "निष्काळजी" हा माझाच शेरा आठवला आणि तो किती अन्यायाचा होता, हे उमगले.

नोंद त्याच दिवशी लिहून सहकाऱ्याला वाचायला द्यावी. त्याला एखादी गोष्ट मान्य नसेल, तर आपला मजकूर न खोडता त्याची हरकत खाली जोडावी. "नेहमी", "कधीच" हे शब्द आले की तारखा शोधाव्यात आणि त्या सापडल्या नाहीत तर वाक्य काढून टाकावे. आजारपण किंवा घरची अडचण यांचा तपशील या तक्त्यात मुळीच लिहू नये. "दोन आठवडे सकाळी अकरापासून काम" एवढा कामातला बदल नोंदवणे पुरेसे असते.

मात्र आपले लक्ष मुळात कोणाच्या चुकांकडे जाते, हे एका पानावरून कळत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी मी सातही जणांच्या नोंदी शेजारी ठेवतो आणि कोणाच्या पानावर केवळ उणिवा आहेत, कोणाच्या पानावर मार्गदर्शनाचा एकही मुद्दा नाही, हे मोजतो. गेल्या वेळी सर्वांत शांत सहकाऱ्याच्या पानावर तीन महिन्यांत केवळ दोन घटना निघाल्या, म्हणून त्यांची पुढची बैठक मी अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासाची ठेवली.