सिकलसेल आणि मलेरिया: समजुतीतल्या या चुका टाळा

उत्क्रांतीच्या पेपरात हमखास सापडणारं वाक्य: "मलेरियापासून बचाव व्हावा म्हणून शरीराने सिकलसेल तयार केला." अर्धे गुण इथेच जातात. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं, ते कुणाच्या सोयीसाठी नाही. नक्कल करताना अक्षर चुकावं, तशी ती चूक होती. मलेरियाने ती घडवली नाही, फक्त टिकवली.

दुसरा घोळ वाहक आणि रुग्ण यांच्यात. सिकलसेलचा एस जनुक एकाच पालकाकडून आला तर वाहक, म्हणजे एएस; दोघांकडून आला तर रुग्ण, म्हणजे एसएस. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सोल्युबिलिटी टेस्ट पाहिली असेल तर आठवेल: नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की टेस्ट पॉझिटिव्ह. पण द्रावण वाहकाचंही गढूळ होतं आणि रुग्णाचंही. एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतच कळतं. आणि संरक्षण मिळतं ते एएसला. त्यालाही डास चावतो, तापही येतो, पण फाल्सिपेरम मलेरिया जिवावर बेतण्याचा धोका खूप कमी असतो. परजीवी शिरलेल्या त्याच्या पेशी लवकर वाकड्या होतात आणि प्लीहा त्या काढून टाकते. एसएस असलेल्या मुलाला मात्र दुप्पट संरक्षण वगैरे काही नसतं. त्याला मलेरिया झाला तर उलट जास्त घातक ठरतो.

मग इतका घातक जनुक नाहीसा का होत नाही? इथे शब्दांपेक्षा आकडेमोड बरी. समजा, आफ्रिकेतल्या मलेरियाग्रस्त भागात 1000 बाळं जन्मली आणि एस जनुकाचं प्रमाण 10 टक्के आहे. म्हणजे एस अजिबात नसलेली एए 810, एएस 180, एसएस 10. उपचार नाहीत म्हणून एसएसची दहाही बाळं दगावली, असं धरू. मलेरियाने एएपैकी 90 नेली. उरले 720 आणि 180, मिळून 900 जण, जनुकं 1800. त्यात एस 180, म्हणजे पुन्हा 10 टक्केच! आता यातून मलेरिया वगळा. 990 जण उरतात, 1980 जनुकांत एस 180, साधारण 9.1 टक्के. घट होते, पण मुंगीच्या पावलांनी. एस बहुतेक वाहकांमध्येच दडलेला असतो आणि वाहक ठणठणीत असतात. "डास गेले की सिकलसेल पुढच्या पिढीत संपेल" ही समजूत म्हणूनच चुकते.

लाल पेशीतला प्रत्येक बदल असाच 10-15 टक्क्यांवर अडकतो, असंही धरू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या जवळपास सगळ्यांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं. मलेरियाचाच व्हायवॅक्स नावाचा परजीवी आत शिरायला मुख्यतः तेच वापरतो. हे प्रथिन नसलेली माणसं निरोगीच राहतात. दोन्ही प्रती बदललेल्या मिळाल्या तरी किंमत मोजावी लागत नाही, त्यामुळे नैसर्गिक निवडीला मध्येच थांबायचं कारणच उरलं नाही.