राउंडच्या चिठ्ठीतून लॉगबुकची सोप नोंद कशी काढावी

मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये माझ्या एप्रनच्या खिशात चार घड्यांचा एक कागद असायचा. राउंडमध्ये जे कानावर पडेल ते त्यावर. संध्याकाळी हॉस्टेलवर तो उलगडला की निम्मं मलाच वाचता यायचं नाही. लॉगबुकमध्ये मात्र एस, ओ, ए, पी अशी चार खणांची नोंद हवी, आणि तीही सही करणाऱ्या मॅडमना प्रश्न पडणार नाही अशी.

पावसाळ्यातल्या एका राउंडची चिठ्ठी घेऊ. ओळख पुसण्यासाठी बारीकसारीक बदललं आहे, गोंधळ मात्र अस्सल आहे:

«बेड 14, मुलगी 22, 50 किलो. ताप 5 दि. काल रात्रीपासून नाही. पोट दुखतं, सकाळपासून 3 उलट्या. वडील – बाहेर प्लेटलेट 1 लाख 10. एनएस1 पॉझि. सर: ताप उतरला म्हणजे बरी झाली असं नाही!! पल्स 108 बीपी 104/76. लिव्हर 3 सेमी. उजवीकडे खाली एअर एंट्री कमी. पीसीव्ही 38→44, प्लेट 74→48. आरएल वाढवा. प्लेटलेट द्यायच्या नाहीत. मलेरिया रिपोर्ट? लघवी रात्री 11.»

पहिलं काम लिहिण्याचं नाही, खुणा करण्याचं. लाल पेन घ्या आणि प्रत्येक तुकड्यासमोर एकच प्रश्न विचारा: हे कुठून आलं? रुग्णाने किंवा नातेवाइकाने सांगितलं असेल तर एस. कुणी पाहिलं, मोजलं किंवा छापील रिपोर्टवर वाचलं असेल तर ओ. कुणाचा तर्क असेल तर ए. करायचं ठरलं असेल तर पी. विषय काय आहे ते पाहूच नका, उगम पाहा. विषयावर गेलात की फसता.

उदाहरण चिठ्ठीतच आहे. प्लेटलेटचे आकडे दोन ठिकाणी आलेत. 74 हजार आणि 48 हजार आपल्या लॅबचे, म्हणून ते ओमध्ये. 1 लाख 10 हजार वडिलांनी तोंडी सांगितले, कागद कुणी पाहिला नाही. तो लॅबचाच आकडा असला तरी एसमध्ये जातो, «वडिलांच्या सांगण्यानुसार» असं म्हणून. दुपारी त्यांनी पिशवीतून रिपोर्ट काढून दाखवला, तर तारखेसह ओमध्ये न्या. लघवीचंही तसंच. मुलीने सांगितलं असेल तर एस, इनपुट-आउटपुट चार्टवर असेल तर ओ. चिठ्ठीवरून कळत नसेल तर दुसऱ्या दिवशी चार्ट बघून या, अंदाजाने खण भरू नका.

दुसरं काम वेळा घालण्याचं. «38→44» हा बाण लॉगबुकमध्ये निरुपयोगी आहे, कारण ही वाढ बारा तासांतली की तीन दिवसांतली ते त्यातून कळत नाही. मी केस पेपर उघडून पाहिला: 38 आदल्या संध्याकाळी 6 वाजता भरती करतानाचा, 44 सकाळी 6 चा. म्हणजे बारा तासांत साधारण 16 टक्के वाढ, त्याच वेळात प्लेटलेट उतरलेल्या. आता त्या बाणाला अर्थ आला.

याच टप्प्यावर एक मोह होतो. राउंडमध्ये हात गरम होते का, कॅपिलरी रिफिल किती, हे मी लिहिलं नव्हतं. डेंग्यूच्या नोंदीत ते नसलं तर मॅडम विचारणारच. «2 सेकंद» लिहून टाकणं सोपं होतं. मी सव्वाबाराला वॉर्डात जाऊन तपासलं आणि 12:15 ची वेगळी ओळ लिहिली. साडेनऊच्या नोंदीत «नोंदवलं नाही» एवढंच. मधल्या पावणेतीन तासांत सलाईन वाढलं होतं, त्यामुळे दुपारचं बोट दाबून मिळालेलं उत्तर सकाळच्या मुलीचं नव्हतं.

एस आणि ओ लिहायला मग दहा मिनिटं पुरतात. खरी बैठक ए साठी. «ए: डेंग्यू, एनएस1 पॉझिटिव्ह» एवढं लिहिणं म्हणजे ओमधली ओळ परत लिहिणं. एमध्ये आजार कोणता, आज कुठल्या टप्प्यावर आहे आणि तसं कशावरून म्हणता, या तिन्ही गोष्टी याव्या लागतात. सरांचं ते दोन उद्गारचिन्हांचं वाक्य इथेच उपयोगी पडतं, पण जसंच्या तसं नाही. त्यामागचं कारण लिहायचं: डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्त घट्ट होतं आणि पीसीव्ही चढतो. पोटदुखी, सतत उलट्या, 2 सेंमीपेक्षा जास्त वाढलेलं लिव्हर आणि प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना चढणारा पीसीव्ही ही जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या वर्गीकरणातली धोक्याची लक्षणं आहेत. कारण लिहिलंत की ए तुमचा होतो.

पी लिहिताना एकच शिस्त: एमधल्या प्रत्येक मुद्द्याला पीमध्ये उत्तर हवं, आणि उत्तरात आकडा हवा. «आरएल वाढवा» कुणाला कळणार? वेग किती ते रजिस्ट्रारना विचारा किंवा ऑर्डर शीटवरून घ्या. निर्णय त्यांचा असेल तर तसं लिहा. लॉगबुकमध्ये विद्यार्थ्याने स्वतः सलाईन ठरवल्यासारखं दिसणं बरं नाही. अजून न आलेले रिपोर्टही इथेच, म्हणजे चिठ्ठीतला मलेरियाचा प्रश्नचिन्हवाला तुकडा पीमध्ये जातो.

लॉगबुक बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतं, पण वर्गवारी मनात मराठीत झाली तरी चालते. माझी अंतिम नोंद मराठीत मांडली तर अशी:

बेड 14, स्त्री, 22 वर्षं, 50 किलो. आजाराचा सहावा दिवस, सकाळी 9:30

एस: 5 दिवस ताप, काल रात्रीपासून नाही. पोटात दुखतं, सकाळपासून 3 उलट्या. शेवटची लघवी रात्री 11 वाजता, असं रुग्ण सांगते. वडिलांच्या सांगण्यानुसार बाहेर प्लेटलेट 1,10,000 होत्या. रिपोर्ट पाहिला नाही.

ओ: नाडी 108, बीपी 104/76. लिव्हर 3 सेंमी लागतं. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी एअर एंट्री कमी. कॅपिलरी रिफिल नोंदवलं नाही. एनएस1 पॉझिटिव्ह. काल संध्याकाळी 6 ते आज सकाळी 6: पीसीव्ही 38 वरून 44, प्लेटलेट 74,000 वरून 48,000.
12:15: हात गरम, कॅपिलरी रिफिल 2 सेकंद.

ए: 1) धोक्याच्या लक्षणांसह डेंग्यू, ताप उतरतानाचा नाजूक टप्पा, पीसीव्ही चढल्यामुळे द्रव झिरपत असल्याचा संशय. नाडी दाब 28, म्हणजे 20 च्या वर, त्यामुळे सध्या शॉक म्हणता येत नाही. पण नाडी वेगवान आहे आणि रात्रीपासून लघवी नाही. 2) उजवीकडे छातीत पाणी असण्याची शक्यता. 3) प्लेटलेट कमी, रक्तस्रावाची तक्रार नोंदलेली नाही.

पी: 1) रजिस्ट्रारच्या ऑर्डरनुसार आरएल ताशी 5 मिली प्रति किलो, म्हणजे 250 मिली, 2 तासांनी पीसीव्ही पुन्हा, त्यानुसार वेग बदलणार. नाडी-बीपी दर तासाला, लघवी मोजून. 2) छातीची सोनोग्राफी. 3) रक्तस्राव नसल्याने प्लेटलेट नाहीत, स्नायूत इंजेक्शन आणि ब्रुफेनसारखी औषधं टाळणं. 4) मलेरियाचा रिपोर्ट यायचा आहे.

मॅडमनी ही नोंद वाचली आणि एकाच ठिकाणी पेन टेकवलं: «रक्तस्रावाची तक्रार नोंदलेली नाही.» विचारलं, «तू तिला विचारलंस का हिरड्यांतून, पाळीतून रक्त जातंय का? की चिठ्ठीत नाही म्हणून लिहिलंस?» मी विचारलं नव्हतं. आणि त्याच ओळीच्या भरवशावर खाली «रक्तस्राव नसल्याने» असं ठोकून दिलं होतं. त्या म्हणाल्या, «जा, विचारून ये, मग सही.»