ग्रॅनाइटचा ओटा कापताना धुळीवर उपाय कोणत्या क्रमाने करावेत

स्वयंपाकघरात ओटा बसवताना सिंकसाठी ग्रॅनाइटमध्ये खाच कापावी लागते, आणि कोरडा कटर फिरला की पांढरा धुरळा क्षणात खोलीभर पसरतो. त्यातील सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर रुततात व सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी मास्क आणतात, परंतु उपायांच्या उतरंडीत मास्क सर्वांत खाली आहे, कारण वरचे उपाय धोकाच कमी करतात, तर खालचे उपाय माणसाच्या सवयीवर आणि लक्षावर अवलंबून राहतात.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की हे कापणे घरात करायलाच हवे का? प्लास्टर पूर्ण झाल्यावर दोन्ही टोकांना आणि मध्ये माप घ्यावे (भिंती क्वचितच काटकोनात असतात), सिंक प्रत्यक्ष हाती घेऊन त्याचा कागदी साचा काढावा आणि खाच दगडाच्या कारखान्यातच पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रावर कापून घ्यावी. घरातला धोका अशा रीतीने नाहीसा होतो. मात्र माप अर्ध्या इंचाने चुकले तरी कटर पुन्हा घरात येतो.

दुसरी पायरी पर्यायी दगडाची. संगमरवरात सिलिका अगदी थोडी, ग्रॅनाइटमध्ये साधारण तीस टक्क्यांच्या आसपास, तर कृत्रिम क्वार्ट्झमध्ये बहुधा नव्वद टक्क्यांहून अधिक असते. ग्रॅनाइटऐवजी क्वार्ट्झ घेणे म्हणजे कारागिराचा धोका वाढवणे होय. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. संगमरवरावर लिंबाचे डाग पडतात, त्यामुळे ही अदलाबदल प्रत्येक ओट्याला जमणार नाही.

घरात कापणे टळतच नसेल, तर पात्यावर सतत पाणी सोडणारे, ओल्या कामासाठीच बनवलेले यंत्र वापरावे. साध्या कटरवर मदतनीस बाटलीने पाणी ओततो, तेव्हा धूळ बसते, पण विजेचा झटका लागण्याचा नवा धोका उभा राहतो. ओल्या कामाचे यंत्रही 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरच चालवावे आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याचे चाचणीचे बटण दाबून पुरवठा खरोखर तुटतो ना, हे पाहावे. कापताना धुरळा उडताना दिसला, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

त्यानंतर कामाचे नियम येतात. खोलीत इतर कोणी थांबू नये, आणि गाळ ओला असतानाच पुसून काढावा. तो वाळल्यावर झाडू फिरवला, तर पाण्याने बसवलेली धूळ पुन्हा हवेत जाते.

मास्क शेवटी येतो, तोही वरच्या उपायांच्या जोडीला. रुमाल या कणांना अडवत नाही. एन95 दर्जाचा मास्क अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असल्यास कडेच्या फटीतून हवा आत शिरते, म्हणून त्या दिवशी दाढी केलेल्या कारागिराकडेच कटर द्यावा आणि गाळ पुसून होईपर्यंत त्याने मास्क काढू नये.