परदेशी एस्प्रेसो मशीन घेण्याआधी: माझा अनुभव

अमेरिकेतला आतेभाऊ बेळगावला येताना त्याचं एस्प्रेसो मशीन माझ्यासाठी आणणार होता. मी म्हटलं, "दादा, आधी मशीनच्या तळाच्या पट्टीचा फोटो पाठव." पट्टीवर होतं: 120V 60Hz 1400W. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. थेट लावलं असतं तर हीटर गेलाच असता. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण एवढ्या वॅटला तो चांगलाच जड आणि महाग पडतो. शिवाय तो हर्ट्झ बदलत नाही, आणि या मशीनमधला कंपनावर चालणारा पंप हर्ट्झवरच चालतो. ते मशीन तिथेच राहिलं.

मग जर्मनीतल्या मैत्रिणीकडून 220-240V 50Hz चं मागवलं. त्याच्या गोल प्लगला दोनच पिना, अर्थिंग कडेच्या पत्र्यांतून. आपल्या सॉकेटला ते पत्रे टेकतच नाहीत. साधा अॅडॅप्टर लावला तर मशीन चालतं, पण पाण्याजवळच्या धातूच्या डब्याला अर्थिंग नसतं. म्हणून टिळकवाडीतल्या वायरमनकडून 16 अँपिअरचा तीन पिनांचा प्लग बसवून घेतला: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. स्वयंपाकघरातल्या सॉकेटचं अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासून घेतलं.

पैसे देण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारलं होतं, परदेशात घेतलेल्या मशीनची वॉरंटी भारतात चालते का. उत्तर आलं, नाही. त्यामुळे जास्तीची रबरी गॅस्केट मशीनबरोबरच मागवली. बेळगावात ती कुठली मिळायला!