या चुका टाळा: तक्त्यात घसरलेला दहाचा घात

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची जर्नलं मी बरीच वर्षं तपासते आहे. सर्लच्या उपकरणाने पोलादी तारेचा यंग मोड्युलस काढायचा प्रयोग आला की एक चूक हमखास भेटते. उत्तर असतं 1.64 × 10¹¹, आणि खाली 'सोर्सेस ऑफ एरर'मध्ये लिहिलेलं असतं: तार वाकडी होती, स्क्रूला बॅकलॅश होता, तापमान बदललं. पोलादाचं मान साधारण 2.0 × 10¹¹ न्यूटन प्रति चौरस मीटर. म्हणजे 18 टक्के कमी. मुलांना वाटतं, एवढं चालायचंच. पण तारेचा यात काही दोष नसतो. तक्त्यातल्या एका ओळीत दहाचा घात घसरलेला असतो.

अशी एक जोडी मला नीट आठवते. तारेची लांबी 1.85 मीटर, व्यास 0.48 मिमी, दर वेळी अर्धा किलो वाढवत अडीच किलोपर्यंत वजनं. वेळ संपत आली होती, म्हणून दोघांनी आकडेमोड वाटून घेतली. एक वरून खाली, दुसरा खालून वर. त्यांच्या तक्त्यातला लांबीतल्या वाढीचा रकाना असा होता:

```
m (kg)    e (m)
0.5       2.5 × 10⁻⁴
1.0       5.0 × 10⁻⁴
1.5       7.6 × 10⁻³
2.0       1.00 × 10⁻³
2.5       1.26 × 10⁻³
```

खालून वर येणाऱ्याने शेवटच्या ओळीत 10⁻³ लिहिलं आणि वरच्या दोन ओळींत नुसती 'वरीलप्रमाणे'ची दोन टिंबं मारली. दोन किलोच्या ओळीपर्यंत ते बरोबर होतं. दीड किलोच्या ओळीत आकडा 1.00 वरून 7.6 झाला, तिथे घातही −4 व्हायला हवा होता. टिंबं तशीच पुढे गेली आणि पक्कं लिहिताना त्यांचं 10⁻³ झालं. घात घसरतो तो बहुतेक वेळा याच जागी, जिथे आकडा दहाची सीमा ओलांडतो. कुणाचाही तक्ता हातात आला की मी आधी ती ओळ शोधते.

आता पुढे काय झालं ते पाहा. चार ओळींतून Y आला 2.0 × 10¹¹ च्या आसपास, आणि तिसऱ्या ओळीतून 0.198 × 10¹¹. पाचांची सरासरी 1.64 × 10¹¹. दहापटीची चूक सरासरीत शिरली आणि बाहेर येताना 18 टक्क्यांची झाली. पाचही ओळींत घात चुकला असता तर उत्तर 2.0 × 10¹⁰ आलं असतं आणि कुणीही थबकलं असतं. एकाच ओळीत चुकला म्हणून ती चूक प्रयोगाच्या नेहमीच्या त्रुटीसारखी दिसू लागली. म्हणून माझा आग्रह आहे की ओळीओळीचा Y लिहून, त्यावरून नजर फिरवल्याशिवाय सरासरी काढायची नाही. मुलं कॅल्क्युलेटरवर बेरीज करतच पुढे जातात, दोन मिनिटं वाचवतात आणि नंतर अर्धा तास तारेला दोष देत बसतात.

पण ही चूक Y काढायच्याही आधी पकडता येते, आणि तेही सूत्राला हात न लावता. इथे सार्थ अंक कामाला येतात. मुलांना ते मार्क कापण्याचं निमित्त वाटतात. खरं तर घात तपासायला त्यांच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही.

सर्लच्या स्क्रूचं लघुतम माप 0.01 मिमी, म्हणजे 1 × 10⁻⁵ मीटर. मग त्या स्क्रूने मोजलेल्या प्रत्येक वाढीचा शेवटचा अंक 10⁻⁵ च्याच स्थानावर यायला हवा. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. तपासायचं असं: घातांक घ्या आणि त्यातून दशांशचिन्हानंतरच्या अंकांची संख्या वजा करा. 2.5 × 10⁻⁴ मध्ये −4 वजा 1, म्हणजे −5. बरोबर. 1.26 × 10⁻³ मध्ये −3 वजा 2, पुन्हा −5. बरोबर. आणि 7.6 × 10⁻³ मध्ये −3 वजा 1, म्हणजे −4. इथे थांबा. हे मूल्य या स्क्रूवर वाचलेलं असूच शकत नाही. स्क्रूने दिलेला शेवटचा अंक हरवला आहे, नाहीतर घात चुकला आहे. पाच ओळींचा रकाना असा तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही.

याच कारणासाठी शून्यांबाबत मी कडक आहे. दोन किलोच्या ओळीत 1.00 × 10⁻³ ऐवजी 1 × 10⁻³ लिहिलं की किंमत तीच राहते, पण शेवटच्या अंकाचं स्थान −3 होतं आणि तपासणी त्या ओळीपुरती निकामी होते. याच्या उलट चूक जास्त घातक आहे. काही मुलांना कुणीतरी शिकवलेलं असतं की तक्ता नीटस दिसावा म्हणून सगळीकडे तीन सार्थ अंक ठेवा. मग 7.6 चं 7.60 होतं. आता 7.60 × 10⁻³ तपासा: −3 वजा 2, म्हणजे −5. चुकलेली ओळ बिनबोभाट पास झाली. एकाच स्क्रूने मोजलेल्या लहान वाढीत दोन सार्थ अंक आणि मोठ्या वाढीत तीन, असंच असायला हवं. सारखं असायला हवं ते शेवटच्या अंकाचं स्थान.

तरीही कुणी शून्यं चिकटवून ठेवली असतील तर दुसरी तपासणी फरकांची. वजन दर वेळी सारखंच वाढतंय, तर वाढही जवळजवळ सारखीच व्हायला हवी. मिलिमीटरमध्ये 0.25, 0.50, 0.76, 1.00, 1.26. यातले फरक 0.25, 0.26, 0.24, 0.26. त्या जोडीच्या तक्त्यात मात्र मधली वाढ 7.6 मिमी झाली होती, आणि पुढचं वजन टाकल्यावर तार 6.6 मिलिमीटरने आखूड झाली होती! पण हे कुणाच्या डोळ्यांत आलं नाही, कारण ओळीओळीला वेगळा घात असला की नजर फक्त पुढचा आकडा वाचते.

म्हणून माझी स्वतःची सवय अशी आहे की निरीक्षणाचा रकाना मिलिमीटरमध्येच ठेवायचा आणि मीटर करायचे ते सूत्रात घालताना, एकदाच. प्रत्येक ओळ वैज्ञानिक लेखनात नेऊन आकडा 1 आणि 10 च्या मध्ये बसवणं हे एकट्या उत्तरासाठी ठीक आहे, रकान्यासाठी नाही. मीटरच हवे असतील तर पूर्ण रकान्याला एकच घात द्या आणि तो मथळ्यात लिहा. मथळाही जपून लिहा. `e × 10⁻³ m` असा मथळा दोन तऱ्हेने वाचला जातो: खालच्या आकड्याला 10⁻³ ने गुणायचं आहे, की तो आधीच गुणलेला आहे? या एका गोंधळात घात सहा पायऱ्या सरकतो. मी `e / 10⁻³ m` लिहायला लावते, आणि तक्त्याखाली एक ओळ: पहिलं मूल्य म्हणजे 0.25 × 10⁻³ मीटर. मग वाद उरत नाही.

दुसरी लाडकी चूक कॅल्क्युलेटरवरची. 10⁻⁴ हवं असताना `10 EXP −4` दाबतात. EXP या बटणात 'गुणिले दहाचा घात' आधीच आहे, त्यामुळे ते होतं 10 × 10⁻⁴, म्हणजे 10⁻³. दाबायचं `1 EXP −4`. त्रिज्या 2.4 × 10⁻⁴ घालताना `2.4 × 10 EXP −4` केलं की त्रिज्या दहापट, तिचा वर्ग शंभरपट, आणि Y शंभर पटीने लहान.

सगळ्याच ओळींत घात चुकला असेल तर उत्तरच पत्ता सांगतं. सूत्र Y = mgL / (πr²e). उत्तराचा पुढचा आकडा 2.0 च्या जवळ आहे आणि फक्त घात चुकला आहे, असं दिसलं तर किती पायऱ्या आणि कोणत्या दिशेला ते मोजा. दोन पायऱ्या लहान असेल तर वरचा EXP. तीन लहान असेल तर e मिलिमीटरमध्ये राहिली. चार लहान असेल तर 2.4 चा वर्ग केला आणि घात दुप्पट करायचा विसरला, म्हणजे 5.76 × 10⁻⁸ ऐवजी 5.76 × 10⁻⁴. सहा लहान असेल तर r मिलिमीटरमध्ये. दोन मोठं असेल तर L सेंटिमीटरमध्ये, तीन मोठं असेल तर वजन ग्रॅममध्ये. पुढचा आकडाच 0.50 झाला असेल तर घाताच्या मागे लागू नका, त्रिज्येच्या जागी व्यास घातला आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. वजन ग्रॅममध्ये आणि वाढ मिलिमीटरमध्ये घातली तर दोन्ही चुका एकमेकींना पुसतात आणि उत्तर अगदी बरोबर येतं. उत्तर जुळलं म्हणून रकाने न तपासणारी मुलं इथे सुटतात आणि पुढच्या प्रयोगात अडकतात.

एक्सेलमध्ये `7.6x10-4` टाइप केलं तर तो मजकूर होतो आणि `AVERAGE` ती ओळ न सांगता वगळतं. `7.6E-4` लिहा. आकडा घराच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसला तर तो आकडा नाही.

उत्तर 2.004188 × 10¹¹ असं लिहू नका. व्यास 0.48 मिमी, त्यात 0.01 ची अनिश्चितता म्हणजे सुमारे 2 टक्के, वर्ग केल्यावर 4. उत्तर 2.0 × 10¹¹, बस.

आणि चूक सापडली तरी अपेक्षित उत्तराकडे बघून घात बदलायचा नाही. त्या जोडीला मी मूळ रीडिंगच्या पानावर नेलं. सुरुवातीचं रीडिंग 2.14 मिमी, दीड किलोला 2.90 मिमी. वजाबाकी 0.76 मिमी, म्हणजे 7.6 × 10⁻⁴ मीटर. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, तारीख आणि सही. नवी सरासरी 2.0 × 10¹¹ आली, आणि बॅकलॅशची ती ओळ त्यांनी स्वतःहून खोडली.