स्टॅलॅग्मोमीटरने डिटर्जंटचा पृष्ठताण मोजताना थेंबाला वेळ द्या

स्टॅलॅग्मोमीटर म्हणजे दोन खुणांमधल्या द्रवाचे किती थेंब पडतात ते मोजायची काचेची नळी. तो क्रोमिक आम्लाने धुऊन, डिस्टिल्ड वॉटरने खंगाळून, स्टँडला अगदी उभा लावला आहे असे धरून चालतो. खालच्या टोकाला मात्र बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा लागला की थेंब कडेवर वाकडातिकडा बसतो आणि मोजणी बिघडते.

धुण्याच्या पावडरीची ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.४ टक्के द्रावणे डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा. नळाच्या जड पाण्यातले क्षार निकाल बदलतात. द्रावण हलवू नका, फेस होतो. रबरी फुग्याने सावकाश वर ओढा. आधी नुसते पाणी घ्या, मग सौम्य द्रावणापासून तीव्र द्रावणाकडे जा.

खरी गोम आहे थेंबाच्या वेगात. ‘मिनिटाला पंधरा-वीस थेंब पडू द्या’ एवढेच बहुतेक ठिकाणी सांगतात, कारण कोणी सांगत नाही. पाण्याला तो वेग चालतो, डिटर्जंटला नाही. लोंबणाऱ्या थेंबाचा पृष्ठभाग सतत नव्याने तयार होत असतो आणि डिटर्जंटचे रेणू आतून तिथवर पोहोचायला वेळ घेतात. थेंब लवकर तुटला तर तो पृष्ठभाग अजून बराचसा पाण्याचाच असतो. मग थेंब मोठे होतात, संख्या कमी येते आणि पृष्ठताण खोटा जास्त दिसतो. सौम्य द्रावणात हा घोटाळा सर्वांत मोठा.

मी स्वतः यात दोन दिवस घालवले. ०.०५ टक्क्याला घाईने ६२ थेंब आले, आणि पावडर जुनी असेल असे मी ठरवून टाकले. नंतर रबरी नळीवरचा स्क्रूचा चिमटा आवळून दर थेंबाला दहा सेकंद दिले, तर ७३ आले. म्हणून वेग आणखी कमी करून पुन्हा मोजा. संख्या वाढत असेल तर अजून सावकाश जा. ती स्थिर झाली की तोच आकडा धरा. प्रत्येक द्रावणाची तीन मोजण्या घ्या. एकापेक्षा जास्त थेंबांचा फरक पडला तर टोक किंवा फेस तपासा.

द्रावणाची आणि पाण्याची घनता जवळपास सारखीच, म्हणून γ = γ₀ × n₀ / n पुरते. γ₀ आणि n₀ म्हणजे पाण्याचा पृष्ठताण आणि थेंबांची संख्या, γ आणि n म्हणजे द्रावणाचे तेच आकडे. माझ्याकडे २७ अंशाला पाण्याचे ४८ थेंब पडले. पाण्याचा पृष्ठताण ७१.७ डाइन प्रति सेंमी. ७३ थेंबांना ४७.१, ०.१ टक्क्याच्या ९६ थेंबांना ३५.९, ०.२ टक्क्याच्या १०८ थेंबांना ३१.९ आणि ०.४ टक्क्याच्या १०९ थेंबांना ३१.६. थेंबांच्या आकाराची दुरुस्ती यात नाही, त्यामुळे हे आकडे तुलनेपुरते माना.

०.२ नंतर उतार थांबला, कारण पृष्ठभाग भरला आणि जादा रेणू पाण्यातच गोळे करून राहिले.

शेवटी नळी धुऊन पाण्याचे थेंब परत मोजा. ४८ ऐवजी ५० आले, तर काचेवर डिटर्जंट राहिला आहे.