डोहाळजेवणाची तयारी: आधी खुर्ची

आधी खुर्ची. हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, ओटीचं सामान हे सांगावं लागत नाही, त्याच्या मागे घरातल्या सगळ्या बाया असतात. खुर्चीच्या मागे कुणीच नसतं. मागच्या खेपेला आमच्याकडे बिछायत केंद्रातून झोपाळा आला, कमान आली, गाद्या आल्या, आणि सातव्या महिन्यातली आमची वहिनी पाटावर मांडी घालून बसली ती शेवटची ओटी भरेपर्यंत. उठवायला दोघी लागल्या. पाय असे सुजले होते की जोडवी निघेनात.

तर खुर्ची हात असलेली आणि सरळ पाठीची हवी, लाकडी असली तर उत्तम. बिछायतवाल्याची प्लास्टिकची नको, सारवलेल्या अंगणात तिचे पाय रुततात आणि फरशीवर फाकतात. सोफा तर त्याहून वाईट, एकदा आत बुडालं की पोट घेऊन वर येता येत नाही. बसल्यावर पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर पाट खाली सरकवा, पाटाचा खरा उपयोग तोच. कमरेमागे घडी घातलेली चादर ठेवा. आदल्या दिवशी तिलाच बसवा आणि हात न देता उठता येतं का ते पाहा. येत नसेल तर शेजारच्या घरून दुसरी खुर्ची आणा, लाजू नका.

झोपाळा फोटोपुरता. एकीने मागून घट्ट धरायचा, फोटो झाला की उतरवून परत खुर्चीवर. अर्ध्या तासाने तिला उठवा, चार पावलं चालवा. या दिवसांत लघवीला सारखं जावं लागतं, आणि समोर सासरे-मामेसासरे बसलेले असताना ती तोंड उघडणार नाही. म्हणून एका नणंदेला तेवढंच काम द्या. न्हाणीघर अंगणापलीकडे असेल तर वाट कोरडी ठेवा, दिवा लावा.

उन्हाळ्यात कार्यक्रम दुपारी धरूच नका. ऊन उतरल्यावर धरा, शेतावरच्या बायाही तेव्हाच येतात. कूलरचं एक सांगते: औक्षणाच्या वेळी निरांजन विझू नये म्हणून तो बंद करतात आणि मग कुणी चालू करत नाही. बंद करणाऱ्यालाच चालू करायची जबाबदारी द्या.

जेवणाचं तिला विचारा, आणि एकटीत विचारा. सासूसमोर विचारलं तर ‘काहीही चालते’ हेच उत्तर येईल. काय आवडतं यापेक्षा कशाचा वास सहन होत नाही ते आधी. वहिनीला लसणाच्या फोडणीने मळमळायचं, आणि आम्ही पाटवडीच्या रश्श्याचं गंज तिच्या पाठीमागेच चुलीवर ठेवलं होतं. चूल वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला मांडा. पुरणपोळी, वडाभात, कढी, सांबारवडी खुशाल करा, पण तिच्या ताटात सगळं थोडं थोडं. सातव्या महिन्यात पोट वर दाबतं, भरपेट जेवलं की छातीत जळजळ होते. त्यातही पहिली दोन घासाची वाटी ओटी सुरू व्हायच्या आधी द्या. ओट्या भरता भरता रात्र होते आणि उपाशी तीच राहते. चिंच-आवळा हवा तर धुऊन द्या. साखरेची तपासणी साधारण 24 ते 28 आठवड्यांत होते, तो रिपोर्ट वाढलेला असेल तर गोडाचा आग्रह करणाऱ्या आत्याबाईंना आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा.

खेळ बसून खेळायचे. फुगडी तिच्याभोवती इतरांनी घालावी. ताटात झबलं, टोपरं, वाळा, गुटीची सहाण ठेवून वर फडकं टाका आणि तिला नुसतं चाचपून ओळखायला लावा. हसू येतं आणि खुर्चीवरून हलावं लागत नाही. उखाणे आहेतच. वाटीखाली पेढा की बर्फी हा खेळ म्हाताऱ्या सोडणार नाहीत. आम्ही आता दोन्ही वाट्यांखाली पेढाच ठेवतो. बर्फी निघाली की कुणाचा तरी चेहरा पडतो, आणि तो तिलाच दिसतो.

ओटी एकेकीने भरावी, पण पाया पडायला वाकायचं नाही. हे मोठ्यांनीच म्हणावं, तिच्याने म्हणवत नाही. खुर्चीवरूनच नमस्कार. खुर्ची ठरली ना? नसेल ठरली तर आत्ता उठा.

बाकी पान-सुपारी, आहेर, वाणाचे डबे तुमचं तुम्ही पाहा. लाइट जाते, कंदील काढून ठेवा. फुलांचे दागिने जेवणाआधी उतरवा, टोचतात. पाहुणे रेंगाळतील, रेंगाळू द्या. तिला आत नेऊन कुशीवर झोपवा, पायाखाली उशी द्या, आणि आहेर मोजायची वही दुसऱ्या दिवशी उघडा.